आईचा गजर: सकाळी आठ, रात्री आठ आणि एक चुकलेला शब्द

आईला काचबिंदूचे थेंब सुरू झाले. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन्ही डोळ्यांत एकेक. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढला तरी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे एखादी वेळ चुकली तर शरीर आठवण करून देत नाही. पहिले काही आठवडे ती आठवण मी करून देत होतो, दोन्ही वेळा फोन करून. एकदा मला बैठकीतून उठता आलं नाही आणि साडेनऊला फोन केला, तर आई म्हणाली, "मी तुझ्या फोनची वाट बघत होते." थेंब घातलेच नव्हते. गजर आता तिच्या हातात द्यायला हवा, हे मला तेव्हा पटलं.

तिचा फोन साधा अँड्रॉइड आहे. कॉल करणं, निरोप वाचणं आणि व्हिडिओ बघणं तिला जमतं. घड्याळ म्हणून त्यात गूगलचं `Clock` हे अ‍ॅप आहे. फोनची भाषा इंग्रजी आहे आणि ती बदलायला तिची तयारी नव्हती, कारण आत्तापर्यंत जे जमलंय ते खुणांच्या आणि जागांच्या ओळखीवर जमलंय. मी चिठ्ठी लिहून पाठवायची, तिने ती वाचून गजर लावायचा, असं ठरलं. ही चिठ्ठी दोनदा फसली. का फसली, ते सविस्तर लिहितो, कारण तिसरी चिठ्ठी त्यातूनच तयार झाली.

पहिली चिठ्ठी मी रात्री बसून अगदी मन लावून लिहिली होती. घड्याळाचं अ‍ॅप उघड, अधिकच्या खुणेवर दाब, चाकं फिरवून आठ वाजव, खाली वारांची अक्षरं आहेत त्या सगळ्यांवर दाब, मग `Save` दाब. पाच ओळी. रविवारी सकाळी आईने त्या वाचून गजर लावायला घेतला आणि पंधरा मिनिटांनी मला फोन केला. "चाकं कुठायत? आणि ते सेव्ह तर मला कुठेच दिसत नाही."

माझी चूक तेव्हाच कळायला हवी होती. चिठ्ठी मी माझा फोन समोर ठेवून लिहिली होती आणि माझ्या फोनचं घड्याळ वेगळ्या बनावटीचं आहे. माझ्याकडे वेळ, वार आणि `Save` हे सगळं एकाच पानावर येतं. तिच्याकडे आधी काट्यांची गोल तबकडी येते, वेळ लावून `OK` दाबलं की तबकडी जाते, आणि वार त्यानंतरच्या पानावर असतात. `Save` हे बटण तिच्याकडे नाहीच, कारण जे दाबाल ते तिथल्या तिथे लागू होतं. तरीही मी फोनवर म्हणालो, "सेव्ह नसेल तर ओके दाब, तेच ते." तेच ते नव्हतं. माझ्याकडे `Save` हे शेवटचं काम आहे. तिच्याकडे `OK` नंतर निम्मं काम बाकी असतं.

तिने दोन्ही गजर असे लावले. प्रत्येक वेळी `OK` दाबल्यावर खाली एक ओळ झळकली, इतक्या तासांनी गजर वाजेल अशा अर्थाची, म्हणून तिला वाटलं झालं. वारांची सात अक्षरं समोर होती, पण फोननेच लावला म्हटल्यावर ती कशाला बघेल? तिने फोन ठेवून दिला.

रविवारी रात्री आठला गजर वाजला. सोमवारी सकाळीही वाजला. आईने कौतुकाने फोन केला आणि मीही खूश झालो. सोमवारी रात्री मात्र काहीच वाजलं नाही.

वार न निवडता लावलेला गजर एकदाच वाजतो आणि मग आपला आपण झोपी जातो. हे ओळखायचं कसं, तर गजराच्या मोठ्या आकड्यांजवळ बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघायचं. तिथे `Today` किंवा `Tomorrow` असेल तर तो एकदाच वाजणार. सातही वार निवडले की तिथे `Every day` येतं. घोटाळा असा की असा एकदाच वाजणारा गजर पहिल्यांदा अगदी वेळेवर वाजतो. आपण नेमकी तीच एक खात्री करून घेतो आणि निर्धास्त होतो. रोजचा गजर बरोबर लागलाय का, हे तो वाजल्यावर कळत नाही, दुसऱ्यांदा वाजल्यावर कळतं.

सोमवारी रात्री फोनवरून आम्ही वारांचं काम उरकलं. ओळीतली अक्षरं `S M T W T F S` अशी आहेत. दोन `S`, दोन `T`. कोणता वार कोणता हे समजावत बसलो असतो तर रात्र गेली असती, पण रोजचा गजर हवा असेल तर वार कळायची गरजच नाही. सातही अक्षरांवर एकेकदा दाबलं की झालं. फक्त एकदाच, कारण दुसऱ्यांदा दाबलं की तो वार गळतो. तिने सातही दाबून मला वाचून दाखवलं, "एव्हरी डे." मी म्हटलं, सुटलो.

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत सगळं सुरळीत. शनिवारी सकाळी गजर गप्प.

या वेळी मला फोनवरून काही उलगडेना. आई सांगत होती, "मी काहीसुद्धा केलेलं नाही." दुपारी मी तिच्याकडेच गेलो. अ‍ॅप उघडलं तर सकाळच्या गजरापुढे `Every day` तसंच होतं, वेळही बरोबर होती, पण उजवीकडचं सरकतं बटण डावीकडे गेलेलं. रात्रीच्या गजराचं जागेवर होतं. म्हणजे कुणीतरी सकाळचाच नेमका काढला होता.

"काल सकाळी वाजला तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? बंद केला."

"कसा बंद केलास?"

"अरे, तूच नाही का लिहिलंस, वाजला की बंद कर म्हणून."

लिहिलं होतं. दुसऱ्या चिठ्ठीत, सोमवारी रात्री मी नव्याने पाठवली त्यात, शेवटची ओळ अशी होती: "गजर वाजला की बंद कर आणि थेंब घाल." आणि आईने तो अगदी रीतसर बंद केला होता.

घडलं ते असं. शुक्रवारी सकाळी आठला ती फोनवर व्हिडिओ बघत होती. फोन नुसता पडलेला असताना गजर वाजला की सगळी स्क्रीन गजराची होते आणि त्यावर मोठं `Stop` दिसतं. पण फोन वापरात असेल तर गजर फक्त वरच्या बाजूला एक पट्टी होऊन येतो, त्यात बारीक `Snooze` आणि `Stop`. आईने घाईत हात लावला आणि पट्टी वर सरकून गेली. आवाज चालूच राहिला. आता हा थांबवायचा कुठून? जिथून लावला तिथून, हे कुणालाही सुचेल. ती अ‍ॅपमध्ये गेली, आठच्या गजरापुढचं बटण सरकवलं, आणि आवाज थांबला. तिच्या दृष्टीने काम फत्ते. फोनच्या दृष्टीने मालकिणीने सांगितलं, हा गजर आता नको.

मराठीत आपण दोन्हीला "बंद करणं" म्हणतो. वाजणारा आवाज थांबवणं म्हणजे गजर बंद करणं, आणि लावलेला गजर कायमचा काढणं म्हणजेही गजर बंद करणं. आईच्या हातात तर किल्लीच्या टेबलघड्याळाची सवय मुरलेली. त्या घड्याळात या दोन गोष्टी खरोखरच एक होत्या. सकाळी वरची कळ दाबली की गजर थांबला, रात्री झोपताना ती कळ परत वर केली की उद्याचा लागला. रोज काढायचा, रोज लावायचा. फोनमधला रोजचा गजर एकदा लावला की त्याला हात लावायचा नसतो, हे त्या सवयीच्या नेमकं उलट आहे, आणि माझ्या चिठ्ठीत त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

बोलता बोलता तिसरं "बंद"ही निघालं. रात्री चार्जिंगला लावताना ती कधीकधी फोन बंद करते, म्हणजे पुरता बंद. बहुतेक स्मार्टफोन असे बंद असले तर गजर वाजत नाही. स्क्रीन काळी असली तर वाजतो. "फोन बंद आहे" हे वाक्य आपण दोन्ही स्थितींना सर्रास लावतो. हा प्रकार अजून नडला नव्हता इतकंच.

म्हणून ठरवलं की नव्या चिठ्ठीत "बंद" हा शब्दच नको. वाजणारा गजर थांबवायला मी "गप्प कर" लिहिलं. बटण सरकवून काढून ठेवण्याला आईनेच शब्द सुचवला, "झोपव म्हण ना, म्हणजे परत उठवता येतो." आणि फोनसाठी "काळी स्क्रीन चालेल" असं. गप्प केलेला गजर दुसऱ्या दिवशी बोलतो, झोपवलेला उठवल्याशिवाय उठत नाही.

तिसरी चिठ्ठी तिचा फोन हातात घेऊन, ती शेजारी बसलेली असताना लिहिली. पद्धत सोपी ठेवली. आधीचे दोन्ही गजर काढून टाकले, फोन तिच्या हातात दिला, मी एक ओळ लिहायची आणि तिने ती वाचून करायची. जिथे तिचं बोट अडलं तिथे ओळ बदलायची. मी तोंडाने काही सांगायचं नाही, हे मात्र कठीण गेलं.

पहिल्यांदा बोट अडलं तबकडीवर. आठ हा आकडा तिने पटकन दाबला, तबकडी ओळखीची होती. पण आठ दाबताच तबकडीवरचे आकडे बदलले आणि `00`, `05`, `10` असे आले. तिने हात मागे घेतला. "बिघडलं काहीतरी." बिघडलं नव्हतं. तास झाला की ही तबकडी आपण होऊन मिनिटांची होते. इथे `OK` दाबून मोकळं झालं तर मिनिटांच्या जागी आधीचं जे पडलेलं असेल तेच राहतं आणि गजर आठऐवजी आठ तेवीसला वाजतो. म्हणून ओळ वाढवली: आकडे बदलले की वरच्या `00` वर दाब. अक्षरशः "घाबरू नकोस, आकडे बदलणारच" हेही लिहिलं. चिठ्ठीत काय करायचं हे असतंच, पण केल्यावर समोर काय दिसेल ते नसलं तर वाचणारा पहिल्याच बदलाला थांबतो.

तबकडी नको असेल तर कोपऱ्यातल्या कीबोर्डच्या खुणेवरून आकडे टाइपही करता येतात. आईला तबकडी बरी वाटली, म्हणून ते लिहिलं नाही. एका कामाला दोन वाटा सांगितल्या की दोन्हीकडे चुकायची सोय होते.

दुसऱ्यांदा बोट अडलं नाही, आणि तेच वाईट झालं. रात्रीचा गजर लावताना तिने आठ लावले, `00` लावलं, `OK` दाबलं. `AM` आणि `PM` कडे पाहिलंच नाही. निवड `AM` वर होती. सकाळी आठ आणि रात्री आठ दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, फरक त्या दोन बारीक अक्षरांचा. मी तोंड मिटून बसलो होतो, पण खाली ओळ झळकली आणि मला मार्ग सापडला. त्या वेळी सकाळचे दहा चाळीस झाले होते, म्हणजे रविवारची सकाळ, मी रात्री तिथेच राहिलो होतो. ओळ अशी होती:

`Alarm set for 21 hours and 20 minutes from now.`

"आई, आत्तापासून रात्रीचे आठ वाजायला किती तास आहेत?"

तिने बोटांवर मोजलं. "नऊ, साडेनऊ."

"फोन काय म्हणतोय?"

"एकवीस." मग स्वतःच हसली. "हा उद्या सकाळचं सांगतोय."

परत वेळेवर दाबून तिने `PM` केलं, `OK` दाबलं, आणि ओळ आली ९ तास २० मिनिटांची. `AM` म्हणजे काय हे मी तिला आधी दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा ते विरून गेलं होतं. अजून किती तास, हा हिशोब मात्र ती आयुष्यभर करत आलीय. ती ओळ काही क्षणच दिसते, पहिल्या वेळी वाचून होत नाही. पण गजराच्या मोठ्या आकड्यांवर दाबून नुसतं `OK` केलं की ती पुन्हा येते, कितीही वेळा. हे आम्ही चिठ्ठीत घातलं आणि `AM`, `PM` ची व्याख्या एका ओळीत आटपली.

आणखी एक बारीक गोष्ट तिच्या फोनवरच कळली. मी लिहिलं होतं, "बटण निळं असलं म्हणजे गजर चालू." तिने फोन पुढे केला, "हे तर हिरवट आहे." नवीन अँड्रॉइडमध्ये बटणांचे रंग मागच्या चित्रावरून ठरतात. मागचं चित्र बदललं की माझी खूण गेली. म्हणून रंग काढून जागा लिहिली: गोळी उजवीकडे म्हणजे जागा, डावीकडे म्हणजे झोपलेला.

शेवटी तयार झालेली चिठ्ठी अशी. कागदावर, ठळक मोठ्या अक्षरांत, हाताने लिहिलेली. निरोप म्हणून फोनवर पाठवलेली चिठ्ठी वाचायची तर घड्याळातून बाहेर यावं लागतं आणि परत जाताना आपण कुठे होतो ते विसरतं. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्यांना हाही दोष होताच.

आई, गजर लावायचा असेल तर:

१. `Clock` उघड. खालच्या ओळीत `Alarm` वर दाब.

२. खाली `+` अशी बेरजेची खूण आहे, तिच्यावर दाब. गोल तबकडी येईल.

३. तबकडीवर 8 दाब. लगेच आकडे बदलतील. घाबरू नकोस, बदलणारच. आता सगळ्यात वरच्या `00` वर दाब.

४. सकाळचा असेल तर `AM` वर दाब, रात्रीचा असेल तर `PM` वर. आधीच निवडलेलं दिसलं तरी एकदा दाबच.

५. `OK` दाब. खाली एक ओळ येईल. त्यातला पहिला आकडा तास. बोटांवर मोजून बघ, तेवढेच तास राहिलेत का. ओळ गेली तर मोठ्या आकड्यांवर दाबून परत `OK` कर. तास जुळत नसतील तर मोठ्या आकड्यांवर दाबून ४ पासून पुन्हा.

६. अजून झालेलं नाही. तिथेच सात अक्षरं आहेत: `S M T W T F S`. प्रत्येकावर एकदाच दाब. अक्षरं दिसत नसतील तर त्या गजराच्या चौकटीतला खाली तोंड केलेला बाण दाब, उघडतील.

७. चौकटीत `Every day` दिसलं की झालं. `Save` शोधू नकोस, नाहीये.

गजर वाजला की:

८. `Stop` दाब. एवढंच. हा गप्प झाला, उद्या आपोआप वाजेल. वर बारीक पट्टी आली असेल तर पट्टीतलं `Stop` दाब. पट्टी पळून गेली तर स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढ, ती परत दिसेल.

९. चुकून `Snooze` दाबलंस तर दहा मिनिटांनी परत वाजेल. फोन बिघडलेला नाही.

१०. `Clock` मध्ये जाऊन उजवीकडचं बटण सरकवू नकोस. त्याने गजर झोपतो, आणि तू उठवल्याशिवाय उठत नाही.

रात्री झोपताना:

११. `Clock` उघडून दोन ओळी बघ. `8:00 AM`, `Every day`, गोळी उजवीकडे. `8:00 PM`, `Every day`, गोळी उजवीकडे. फोनची स्क्रीन काळी झाली तर चालेल. फोन पुरता मालवायचा नाही.

चिठ्ठी एवढीच.

लिहून झाल्यावर तालीम केली. तिसरा गजर, दोन मिनिटांनंतरचा. पहिल्यांदा फोन काळा करून ठेवला, वाजला, तिने `Stop` केलं. दुसऱ्यांदा मुद्दाम व्हिडिओ लावून दिला. पट्टी आली, आईने सवयीने ती वर ढकलली, आवाज चालू राहिला. तिचं बोट `Clock` कडे निघालं आणि मध्येच थांबलं. चिठ्ठी बघितली, वरून बोट ओढलं, पट्टी सापडली. हे तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदाही केलं. ही दुसरी तालीम केली नसती तर शुक्रवार परत आला असता, याबद्दल मला शंका नाही. मग तालमीचा गजर काढून टाकला, नाहीतर तो भलत्याच वेळी वाजून तिने बाकीच्या दोघांवर राग काढला असता.

तालमीतच लक्षात आलं की आवाज बारीक येतोय. गजराचा आवाज फोनच्या घंटीच्या आवाजाहून वेगळा असतो. घंटी मोठी केली म्हणून गजर मोठा होत नाही आणि फोन मुका ठेवला तरी गजर सहसा वाजतोच. तो वाढवायचा तर `Clock` च्या सेटिंगमध्ये `Alarm volume` आहे. एकदाच करायचं काम होतं, मीच केलं आणि चिठ्ठीत घातलं नाही. त्याच सेटिंगमध्ये `Silence after` आहे, म्हणजे कुणी गप्प केलं नाही तर गजर किती वेळाने दमून थांबेल. तिथे दहा मिनिटं होती, तशीच राहू दिली. आई त्या वेळी अंघोळीला असली तर गजर वाजून थांबतो आणि वर `Missed alarm` अशी सूचना राहते. दुसऱ्या दिवशीच्या गजराला त्याने धक्का लागत नाही.

प्रत्येक गजराला नावही दिलं, `Add label` वर दाबून: "सकाळचे थेंब", "रात्रीचे थेंब". वाजताना हे नाव स्क्रीनवर येतं. `AM` आणि `PM` ची अदलाबदल झाली असेल तर रात्री आठला "सकाळचे थेंब" दिसेल आणि चूक तिथल्या तिथे कळेल. शिवाय चार महिन्यांनी "हा कशाला वाजतो" म्हणून तो उडवला जाणार नाही.

गजर वेळ सांगतो, थेंब घातले की नाही ते त्याला कळत नाही. `Stop` दाबून दारावरची बेल वाजली म्हणून उठलं की थेंब राहिलेच. त्यासाठी आईने स्वतःचीच सोय केली. बाटली फोनशेजारी ठेवायची आणि थेंब घातल्यावर कॅलेंडरच्या त्या तारखेवर रेघ मारायची, सकाळची उभी, रात्रीची आडवी. दोन्ही झाले की आपोआप अधिकची खूण होते. याला माझं फोनवरचं काहीही उत्तर नव्हतं.

साधारण तीन महिन्यांनी डॉक्टरांनी थेंब बदलले. नवे थेंब रात्री एकदाच, नऊ वाजता. मला हे तपासणीच्या दिवशीच दुपारी आईच्या फोनवरून कळलं, आणि तोवर तिने काम हातात घेतलेलं होतं. रात्रीच्या गजराच्या आकड्यांवर दाबून तिने नऊ केले होते. वार परत दाबायला लागले का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नाही, एव्हरी डे तसंच आहे." वेळ बदलली तरी वार राहतात, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत," ती म्हणाली, "आणि हा म्हणतोय चार तास पन्नास. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग आता सकाळचा झोपवते. गप्प नाही, झोपवते."